अनोळखी विक्रेत्याने मीटिंग मागितली, तर ठाम नकार कसा लिहायचा?

मृण्मयी: आमच्या छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर खरेदीचं मी बघते. तीन महिन्यांपूर्वी एका अनोळखी विक्रेत्याने पगाराच्या सॉफ्टवेअरसाठी २० मिनिटं मागितली होती. मी लिहिलं, "धन्यवाद, पण सध्या कामाचा फार व्याप आहे, पुढच्या तिमाहीत बघू." काल त्याचा मेल आला, "ठरल्याप्रमाणे पुन्हा संपर्क करतोय. मंगळवार जमेल की गुरुवार?" आमचं काहीच ठरलं नव्हतं, आणि आम्हाला ते घ्यायचंही नाही. माणसाला न दुखावता असं काय लिहू, की तो पुन्हा विचारणार नाही?

राघव: काहीच लिहू नका. उत्तर दिलं की पत्ता चालू आहे आणि माणूस वाचतो, एवढं त्यांना कळतं. मी गेली कित्येक वर्षं असे मेल न उघडता उडवतो, माझं काही अडलेलं नाही.

जुना_विक्रेता: सहा वर्षं मी हेच मेल पाठवत होतो, म्हणून पलीकडे काय होतं ते सांगतो. राघव, हजारो पत्त्यांवर सरसकट टाकलेल्या कचऱ्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण नाव, कंपनी बघून लिहिलेला मेल बहुतेक वेळा आधीच लावून ठेवलेल्या मालिकेतला पहिला असतो. उत्तर आलं नाही तर तीन-चार दिवसांनी दुसरा जातो, मग आठवड्याने तिसरा. आम्ही सहा-सात लावायचो. कुठलंही उत्तर आलं की मालिका आपोआप थांबायची आणि मेल माणसासमोर यायचा. तुम्ही गप्प राहिलात तर ती तुमच्यासाठी चालूच राहते.

आता मृण्मयीताईंचं वाक्य. उत्तर वाचलं की आम्ही त्याच्यापुढे एक खूण करायचो: हवंय, नंतर, नको, किंवा चुकीचा माणूस. "पुढच्या तिमाहीत बघू" हे शंभर टक्के "नंतर"मध्ये जातं. तिथे लगेच तारीख टाकली जाते आणि त्या दिवशी यादीत तुमचं नाव वर येतं. "ठरल्याप्रमाणे" हा शब्द तिथूनच आला. त्याने खोटेपणा केला असं मला वाटत नाही. ताईंनी तारीख दिली, त्याने ती पाळली.

स्वाती_के: मला हे पटत नाही. दुसऱ्याचा वेळ आपण मागितलेला नाही, मग शब्द तोलून लिहिण्याची जबाबदारी आपल्यावर का? "सध्या नको" म्हणजे नको, हे कुठल्याही मोठ्या माणसाला कळतं.

जुना_विक्रेता: जबाबदारी तुमची नाही, हे खरंच. पण मीटिंग ठरवणाऱ्या त्या पोराचं महिन्याचं मोजमाप ठरलेल्या मीटिंगांवर असतं. विक्री पुढे दुसराच माणूस करतो. "सध्या" या शब्दात त्याला आशा दिसणारच. कारण दिलंत तर त्याच्याकडे त्याचं उत्तर तयार असतं. "बजेट नाही" म्हटलं तर हप्त्यांची योजना येते, "दुसरं वापरतो" म्हटलं तर "फक्त तुलना बघा", आणि "वेळ नाही" म्हटलं तर २० मिनिटांची १० होतात. सगळ्यात महागात पडतं ते "आमच्या हिशेबनीसांशी बोला". दुसऱ्या दिवशी त्यांना मेल जातो, "मृण्मयी मॅडमनी तुमचं नाव सुचवलं."

मृण्मयी: अरे देवा, हे शेवटचं मी मागे एकदा केलंय! आमचे हिशेबनीस अजून मला ऐकवतात.

दिगंबरकाका: आमच्याकडे असंच झालं. अकरा वर्षांचा छपाईचा पुरवठादार, दर वाढवले म्हणून बंद करायचा होता. मी दोन ओळींत "यापुढे ऑर्डर देणार नाही" असं कळवलं. त्याला फार लागलं, अजून बोलत नाही. तेव्हा ताई, एवढं कोरडं लिहू नका.

जुना_विक्रेता: काका, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे अकरा वर्षांचं नातं होतं. त्यांना फोन करून कारण सांगायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. इथे नातंच नाही. अनोळखी माणसाला कारण दिलं नाही म्हणून अपमान होत नाही. मला दिवसाला जी उत्तरं यायची, त्यात स्पष्ट "नको" सगळ्यात बरं वाटायचं, कारण माझी संध्याकाळ वाचायची.

मृण्मयी: मग हे बघा: "नमस्कार, मेल वाचला. क्षमस्व, पण आम्हाला हे सॉफ्टवेअर घ्यायचं नाहीये. गरज पडली तर नक्की कळवू. शुभेच्छा!"

जुना_विक्रेता: दुसरं वाक्य उत्तम. "क्षमस्व, पण" काढा, तुम्ही काही चुकलेला नाहीत. आणि "गरज पडली तर" म्हणजे पुन्हा "नंतर". मी असं लिहीन:

"नमस्कार, तुमचे दोन्ही मेल वाचले. आम्ही हे सॉफ्टवेअर घेणार नाही, त्यामुळे मीटिंग करणार नाही. मागच्या वेळी मी 'पुढच्या तिमाहीत बघू' लिहिलं होतं, ते कृपया रद्द समजा. माझ्या पत्त्यापुढे 'संपर्क करू नये' अशी नोंद करावी. धन्यवाद."

मागचं वाक्य नाव घेऊन रद्द करणं इथे महत्त्वाचं आहे, नाहीतर जुनी तारीख तशीच राहते. आणि "यादीतून नाव काढा" असं लिहू नका. नाव पुसलं तर पुढची पत्त्यांची यादी विकत आणली की तुम्ही नव्याने आत येता. नोंद असली तर तो पत्ता अडवला जातो. अर्थात नीट चालणाऱ्या कंपनीतच.

स्वाती_के: आणि न विचारता थेट कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकतात त्याचं काय? मी ती नुसती पुसते.

जुना_विक्रेता: नुसती पुसली आणि उत्तर गेलं नाही, तर पलीकडे ती "उत्तर बाकी" अशीच दिसते. त्या वेळेला तो लिंकवर बसून तुम्हाला फोन करतो. नकार नोंदवा आणि पुसताना "कळवा" निवडा. "दुसरी वेळ सुचवा"ला मात्र हात लावू नका.

ईशान: मी वेगळ्या मताचा आहे. मी एकाला असंच दार बंद करून कळवलं होतं. आठ महिन्यांनी आमची यंत्रणा कोलमडली आणि मला त्याच्याचकडे जावं लागलं. फार ओशाळल्यासारखं झालं. खरेदी करणाऱ्याने थोडी फट ठेवावी.

जुना_विक्रेता: त्याने तुम्हाला नाकारलं का? नाही ना? विक्रेत्याकडे तुम्ही कधीही जाऊ शकता, तुमच्या नकाराने फक्त त्याचं येणं थांबतं. फट ठेवण्याची गरज त्याला असते.

ईशान: नाकारलं नाही, पण दरात घासाघीस करताना माझी बाजू लंगडी पडली. तो भाग तुम्ही सोडून देताय.

राघव: मालिकेबद्दल मला माहीत नव्हतं. तरी पहिल्या मेलला मी उत्तर देणार नाही. दुसरा आला तर देईन.

मृण्मयी: काल दुपारी तो मसुदा जसाच्या तसा पाठवला. तासाभरात उत्तर आलं, "समजलं, नोंद केली. फक्त स्वतःच्या माहितीसाठी विचारतो, नकाराचं कारण कळेल का?" इतक्या साधेपणाने विचारलंय की गप्प बसणं जड जातंय.

स्वाती_के: मागे घेतलाय ना त्याने पाय? मग एक ओळ लिहा की.

जुना_विक्रेता: मी लिहिणार नाही. हाच प्रश्न मीही विचारायचो, आणि दहातली काही उत्तरं मला पुन्हा मीटिंगपर्यंत घेऊन जायची.