उत्तर: प्रीमियमचा फोटो आणि दुहेरी शोध

> "वय ४७ टाकलं की #N/A येतं. तक्त्यात तर ४६-५० असं स्पष्ट लिहिलंय."

विम्याच्या प्रीमियम तक्त्याचा फोटो एक्सेलमध्ये उतरवून, वय आणि विमा रक्कम या दोन्हींवरून हप्ता शोधायचा, असा हा प्रश्न आहे. एक्सेलसाठी "४६-५०" हा नुसता मजकूर आहे, त्यात ४७ सापडणार कसा? पहिल्या रकान्यात गटाची फक्त खालची मर्यादा ठेवा: 18, 36, 46, 51, 56, 61. वरच्या ओळीत "५ लाख" नको, 500000 लिहा.

```
=INDEX(B2:E8,MATCH(H1,A2:A8,1),MATCH(H2,B1:E1,0))
```

H1 मध्ये वय, H2 मध्ये विमा रक्कम. वयासाठी 1 दिल्याने ४७ किंवा त्याखालचा सर्वांत मोठा आकडा, म्हणजे 46, धरला जातो. त्यासाठी वयं चढत्या क्रमानेच हवीत. रकमेला मात्र 0च द्या, नाहीतर ७ लाखांना ५ लाखांचा हप्ता गुपचूप लागेल.

आठव्या ओळीत 66 आणि पुढे "मिळत नाही" लिहा. ती ओळ नसेल तर सत्तरीच्या माणसालाही ६१-६५चाच हप्ता दिसतो, ही चूक सहज लक्षात येत नाही.

फोटोतून आलेले आकडे `=COUNT(B2:E7)` ने तपासा. सहा ओळी, चार रकाने म्हणजे 24 यायला हवेत. कमी आले तर एखादा आकडा मजकूर म्हणून बसलाय किंवा राहून गेलाय. ३ चा ८ झालेला मात्र यात पकडला जात नाही. त्यासाठी हप्ता खाली आणि उजवीकडे वाढतोय का, ते डोळ्यांनी बघा, आणि जिथे क्रम मोडतो तिथे फोटो उघडा.