चर्चा: आजारपणात कम्युटेड रजा घ्यावी की अर्धवेतनी?

कनिष्ठ लेखापाल, नागपूर
मी केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे, वय ५४. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ५६ दिवस विश्रांती सांगितली आहे. अर्जित रजा ३०० पूर्ण शिल्लक आहे आणि अर्धवेतनी २१४. आमचे वरिष्ठ म्हणतात की अर्धवेतनीला हात लावू नका, उतारवयात ती कामाला येईल. घरचे म्हणतात की अर्जित खर्च करू नका, निवृत्तीला तिचेच पैसे मिळतात. दोघांचेही पटते, म्हणून विचारते. शिवाय मनात स्वेच्छानिवृत्तीचाही विचार आहे.

आस्थापना शाखा (निवृत्त)
आपल्या बाबतीत कम्युटेडच, म्हणजे दोन अर्धवेतनी दिवस देऊन एक पूर्ण पगारी दिवस घेणे, योग्य आहे, पण संपूर्ण ५६ दिवसांसाठी नव्हे. केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांनुसार जानेवारी आणि जुलैमध्ये प्रत्येकी १५ दिवस अर्जित रजा जमा होते. शिल्लक आधीच ३०० असेल, तर ते १५ दिवस वेगळे दाखवले जातात आणि त्या सहामाहीत न वापरल्यास लयाला जातात. म्हणून पहिले १५ दिवस अर्जित रजा मागा. ते या वेगळ्या दिवसांतून जातील आणि आपले ३०० जसेच्या तसे राहतील. उरलेल्या ४१ दिवसांसाठी कम्युटेड रजा मागावी. त्यापोटी रजेच्या हिशेबातून ८२ अर्धवेतनी दिवस वजा होतील आणि १३२ उरतील. वेतन पूर्ण मिळेल. तेच ४१ दिवस साधी अर्धवेतनी घेतली, तर १३२ ऐवजी १७३ दिवस उरतील, परंतु त्या काळात निम्मे वेतन आणि त्या निम्म्यावरचा महागाई भत्ता एवढेच हाती येईल. मूळ वेतन ६०,००० असेल, तर महिन्याला ३०,००० रुपये आणि वर महागाई भत्त्याचा निम्मा भाग सोडावा लागेल. हा त्याग कशासाठी करायचा, हे कोणी सांगत नाही.

सहायक लेखाधिकारी, पुणे
त्याग म्हणू नये, राखीव साठा म्हणावा. वरिष्ठांचा सल्ला मला अगदी चुकीचा वाटत नाही. या बाईंना निवृत्तीला सहा वर्षे आहेत. वर्षाला २० प्रमाणे त्या फार तर १२० अर्धवेतनी दिवस आणखी मिळवतील. उद्या पुन्हा शस्त्रक्रिया झाली तर? शिवाय कम्युटेड रजा संपूर्ण सेवेत २४० दिवसांच्या वर मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

आस्थापना शाखा (निवृत्त)
२४० ची मर्यादा जुन्या काळची आहे आणि ती कधीच उठली. आजची अट एवढीच की वैद्यकीय प्रमाणपत्रावर, शिल्लक अर्धवेतनीच्या निम्म्यापर्यंत कम्युटेड मिळते. प्रमाणपत्राशिवाय ९० दिवस मिळतात, ते सार्वजनिक हिताच्या मान्य अभ्यासक्रमासाठी. राखीव साठ्याचा मुद्दा मात्र योग्य आहे, पण तो कोणाला लागू पडतो ते पाहावे. निवृत्तीच्या वेळी अर्जित आणि अर्धवेतनी मिळून ३०० दिवसांपर्यंतच रोख मिळते. ज्यांची अर्जित रजा २२० असेल, त्यांना उरलेल्या ८० दिवसांच्या जागी ८० अर्धवेतनी दिवसांचे, म्हणजे सुमारे ४० दिवसांच्या वेतनाचे पैसे मिळतील. ज्यांची अर्जित ३०० आहे, त्यांच्या अर्धवेतनी रजेचे निवृत्तीला एक रुपयाही मिळत नाहीत, मग ती २०० असो वा ४००. अशा माणसाने ती आजारपणात खर्च केली नाही, तर ती हिशेबाच्या कागदावरच राहते.

शिक्षक, जिल्हा परिषद
आम्हाला तर उन्हाळी सुट्टी असल्यामुळे अर्जित रजा फारशी जमतच नाही, त्यामुळे अर्धवेतनी कामाला येते. मागच्या वर्षी टायफॉइडमध्ये मी प्रमाणपत्र जोडून परिवर्तित, म्हणजे तुमची कम्युटेड, रजा मागितली, पण मंजुरीचा आदेश कित्येक महिने आला नाही. मुळात रजा वेळेवर मंजूरच होत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्यावर कोणी बोलत नाही.

आस्थापना शाखा (निवृत्त)
आपली तक्रार खरी आहे, गुरुजी, पण आपण राज्याच्या १९८१ च्या नियमांखाली येता. इथले आकडे जसेच्या तसे तिकडे लावू नका.

बदलीच्या प्रतीक्षेत
मी वेगळे सांगतो आणि अनेकांना ते आवडणार नाही. कामावर परत येण्याची खात्री नसेल, तर सुरुवातीलाच कम्युटेड मागू नये. मंजूर करणाऱ्याला आपण परत येऊ अशी वाजवी शक्यता दिसावी लागते, आणि हजर न होता राजीनामा दिला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर कम्युटेड ही अर्धवेतनी समजून जादा दिलेले वेतन वसूल होते. त्यापेक्षा वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी घ्या, हजर झाल्यावर ३० दिवसांच्या आत अर्ज करून ती कम्युटेडमध्ये बदलून घ्या. पैसे मागाहून मिळतील, वसुलीची टांगती तलवार राहणार नाही.

सहायक लेखाधिकारी, पुणे
म्हणजे या बाईंनी सेवा सोडायची ठरवली तर कम्युटेडचे सगळे पैसे परत द्यायचे? मग स्वेच्छानिवृत्तीचा विचार असताना ती घेणे धोक्याचेच आहे.

आस्थापना शाखा (निवृत्त)
'हजर न होता' हे शब्द सोडून नियम वाचू नका. रजा संपवून फिटनेस प्रमाणपत्रासह रुजू झाले आणि पुढे रीतसर नोटीस देऊन निवृत्ती घेतली, तर ही वसुली लागू होत नाही. प्रकृती खालावून सेवा अशक्य झाली किंवा मृत्यू झाला, तरीही वसुली करत नाहीत. आधी अर्धवेतनी, मग रूपांतर ही वाट मला पटत नाही, कारण रूपांतर हा हक्क नाही. मंजूर करणारा अधिकारी ते नाकारू शकतो, आणि आजारपणाच्या दोन महिन्यांत घराचा हप्ता निम्म्या पगारावर भागवावा लागतो तो वेगळाच.

बदलीच्या प्रतीक्षेत
हप्त्याचा मुद्दा मान्य. पण माझ्या शेजारच्या शाखेतील सहकाऱ्यांची अर्जित रजा संपली होती, अर्धवेतनी १४० उरली होती आणि उपचार पाच महिने चालणार होते. त्यांनी सगळी कम्युटेड करून ७० दिवस पूर्ण वेतन घेतले आणि पुढे अडीच महिने असाधारण रजेवर विनावेतन गेले. दोन्ही मार्गांनी एकूण वेतन ७० दिवसांचेच होते. पण अर्धवेतनी घेतली असती, तर दर महिन्याला काहीतरी घरात आले असते. मी बोलतो ते अशा माणसांसाठी.

आस्थापना शाखा (निवृत्त)
तिथे आपण बरोबर आहात. अर्जित संपलेली आणि आजार कम्युटेडच्या आवाक्यापेक्षा लांबणारा असेल, तर अर्धवेतनीच शहाणपणाची. अशा वेळी अनर्जित रजाही विचारात घ्यावी. पण ती पुढे मिळणाऱ्या अर्धवेतनीतून वळती होते, म्हणून निवृत्तीजवळच्या माणसाला ती मोजकीच मिळते. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना यातले काही लागू नाही.

कनिष्ठ लेखापाल, नागपूर
१५ दिवसांची गोष्ट आमच्या शाखेत कोणी सांगितली नव्हती. अर्जात दोन्ही रजा एकत्र मागितल्यास अधिकारी स्वतःहून सगळीच अर्जितमध्ये टाकतील काय? मागे एकाच्या बाबतीत तसे झाले आहे.

आस्थापना शाखा (निवृत्त)
तसे करता येत नाही. देय असलेला आणि मागितलेला रजेचा प्रकार आपल्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. रजा नाकारण्याचा अधिकार त्यांना आहे, प्रकार बदलण्याचा नाही. अर्जात "१५ दिवस अर्जित व त्यास जोडून ४१ दिवस कम्युटेड, वैद्यकीय कारणास्तव" असे स्पष्ट लिहा, आणि प्रमाणपत्रातील कालावधी दोन्हींच्या तारखांशी जुळतो का ते स्वतः तपासा.

बदलीच्या प्रतीक्षेत
आणि प्रमाणपत्रात विश्रांतीचा काळ लिहिला, पण नंतर कामावर परतता येईल असे डॉक्टरांनी लिहिले नाही, तर अधिकारी 'परतण्याची शक्यता दिसत नाही' म्हणून अडवणार नाहीत कशावरून? हे कार्यालयागणिक वेगळे दिसते.