प्रतिसाद: नकाशा बाजूला ठेवा, बिल्बोच्या दारातून आत शिरा

> "पहिल्या पन्नास पानांतच नावं आणि राज्यं डोक्यावरून जातात. सुरुवात कुठून करू?"

टॉल्कीनच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्यावर बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो. आधी त्याचं 'द हॉबिट' (१९३७) घ्या. प्रकरणं फक्त १९, आणि त्याचा नायक बिल्बो, त्याला जेवढं कळतं, जवळपास तेवढंच आपल्याला कळायला लागतं. पहिल्याच प्रकरणात त्याच्या घरी तेरा बुटके चहाला येऊन धडकतात. इथेच बरेच जण गडबडतात. ती तेरा नावं पाठ करू नका. त्यांचा म्होरक्या थोरिन, म्हातारा बालिन आणि जाडा बाँबूर एवढे लक्षात ठेवले की पुरे.

माझ्या बहिणीने नाशिकरोड ते मुंबई पंचवटीच्या अप-डाउनमध्ये हे असंच वाचून काढलं. मग तिने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घेतलं, पण मी तिला आधीची प्रस्तावना सोडून थेट बिल्बोच्या वाढदिवसापासून सुरू करायला लावलं. गोष्ट जिच्याभोवती फिरते त्या अंगठीचा जरुरीपुरता इतिहास दुसऱ्या प्रकरणात जादूगार गँडाल्फ स्वतःच बिल्बोचा वारस फ्रोडो याला सांगतो. पुढे एल्फांचा प्रमुख एलरॉन्ड याच्याकडची लांबलचक सभा येते, तिथे दम लागतो. सभेत अंगठीचं काय करायचं ठरतं आणि ती कोण नेणार, एवढंच धरून ठेवा. बाकीची नावं निसटली तरी गोष्ट निसटत नाही.