मदत हवी आहे : भावाच्या रक्तात शिसं ४८०, आधी ३९ होतं

रेणुका_वाडा
माझा धाकटा भाऊ जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणाऱ्या कारखान्यात आहे. काल रक्ताचा रिपोर्ट आला, शिसं ४८०. कंपनीच्या जुलैच्या तपासणीत ३९ होतं. म्हणजे तीन महिन्यांत बारा पट? नेटवर वाचलं की १०० च्या वर गेलं की मेंदूवर जातं. पोट दुखतंय आणि चिडचिड करतो, एवढंच. ॲडमिट करू का? कृपया लवकर सांगा.

तात्या_पेणकर
ताई, वेळ घालवू नका. रक्तातलं शिसं खेचून बाहेर काढणारी औषधं असतात. माझ्या मेव्हण्याला दिली होती, दहा दिवसांत आकडा निम्मा झाला.

कारखाना_वैद्य
थांबा, आधी आकडा नीट वाचू. मी पंचवीस वर्षं कारखान्यांत वैद्यकीय अधिकारी होतो. रेणुकाताई, ४८० च्या पुढे काय लिहिलंय? बाजूला नॉर्मल किती दिलंय? रक्त हाताच्या शिरेतून घेतलं की बोटाला टोचून?

रेणुका_वाडा
शिरेतून. पुढे 'मायक्रोग्रॅम प्रति लिटर' आहे. नॉर्मल १०० पेक्षा कमी. कंपनीच्या कागदावर नुसता ३९, पुढे काहीच नाही.

कारखाना_वैद्य
मग जीव थोडा खाली ठेवा. आपल्याकडे बहुतेक लॅब प्रति डेसिलिटर लिहितात. एका लिटरात दहा डेसिलिटर, म्हणून तुमचे ४८० म्हणजे ४८. नेटवरचा १०० चा आकडा डेसिलिटरचा आहे. कंपनीचा ३९ सुद्धा डेसिलिटरचाच असणार, तरी तिथे एकक लिहून मागा. म्हणजे ३९ वरून ४८. बारा पट नाही, पण वाढ खरी आहे.

बोटाचं विचारलं, कारण भट्टीवाल्याच्या बोटावरची धूळ थेंबात मिसळली तर आकडा खोटा चढतो. शिरेतलं रक्त असेल तर ती शंका कमी.

नाना_भट्टी
मी स्वतः रोटरी भट्टीवर सुपरवायझर होतो. ६० च्या आत असेल तर घाबरायचं काही नाही, आमच्याकडे ६० ला कामावरून काढायचे. रोज गूळ, केळी आणि अर्धा लिटर दूध द्या, शिसं आपोआप धुऊन जातं. आम्ही सगळे असेच राहिलो.

कारखाना_वैद्य
नाना, ६० हा १९७८ च्या अमेरिकन नियमातला आकडा. तपासणीत आणि लगेचच्या फेरतपासणीतही तिथे पोचला की माणसाला त्या कामावरून हलवायचंच, असा त्याचा अर्थ. ६० च्या आत तब्येत ठीक, असा नाही. त्याच नियमात सरासरी ५० वर राहिली तरी हलवतात आणि ४० च्या खाली आल्याशिवाय परत घेत नाहीत. तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने कामगारांसाठी २० ची मर्यादा सुचवली आहे. ४८ ला बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं रक्तदाब आणि मूत्रपिंड आतून बिघडत असू शकतं.

दूध-गुळाने शिसं धुऊन जात नाही. उपाशीपोटी किंवा अंगात लोह-कॅल्शियम कमी असताना पोटातून जास्त शोषलं जातं, एवढं मात्र खरं. म्हणून पोटभर जेवून कामाला जावं.

नाना_भट्टी
डॉक्टरसाहेब, पुस्तकात काहीही असू दे. २० ची मर्यादा लावली तर एकही भट्टी चालणार नाही.

ज्योती_सांगली
आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत मी दर महिन्याला पाणी भरते. मलाही ही तपासणी करावी लागेल का? हळदीतही शिसं असतं म्हणे.

कारखाना_वैद्य
ज्योतीताई, पाणी भरण्याने शिसं अंगात जात नाही, ॲसिड तेवढं सांभाळा. हळदीत पिवळ्या रंगासाठी शिशाची भेसळ सापडलेली आहे, पण ते वेगळ्या धाग्यात बोलू.

रेणुकाताई, अजून तीन गोष्टी सांगा. तो नेमकं काय काम करतो? किती वर्षं? आणि रक्त दिलं तेव्हा कामावर होता का?

रेणुका_वाडा
सहा वर्षं झाली. आधी बॅटऱ्या फोडायला होता, दीड वर्षापासून भट्टीत माल टाकतो आणि मळी काढतो. ठेकेदाराकडे आहे. रक्त दिलं तेव्हा घरीच होता. भट्टीच्या आतल्या विटा बदलायच्या म्हणून तीन आठवडे बंद होती. घरी बसूनही पोट दुखत होतं, म्हणून मीच इथल्या लॅबमध्ये नेलं.

कारखाना_वैद्य
ही सगळ्यांत महत्त्वाची माहिती निघाली. ४८ हा तीन आठवडे धुरापासून लांब राहिल्यानंतरचा आकडा आहे.

रक्तातलं ताजं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं. सगळं ताजंच धरलं तर तीन आठवड्यांपूर्वी पंचाहत्तरच्या आसपास येईल. पण सहा वर्षांत बरंच शिसं हाडांत साठलेलं असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात येत राहतं, म्हणून उतार मंदावतो. खरा आकडा त्याहून कमी असेल. नेमका सांगता येणार नाही, पण ४८ पेक्षा जास्त होता हे नक्की, आणि ६० ओलांडलेला असू शकतो. नाना, तुमच्याच हिशोबानेही हा माणूस भट्टीवर नको होता.

तात्या_पेणकर
म्हणूनच म्हणतो, औषध सुरू करा.

कारखाना_वैद्य
तात्या, तुमचे मेव्हणे औषधानंतर परत त्याच कामावर गेले का? आणि पुढच्या महिन्यात तपासलं का?

तात्या_पेणकर
गेले. तपासलं नाही परत.

कारखाना_वैद्य
तिथेच फसगत होते. औषधाने रक्तातलं शिसं लघवीवाटे जातं आणि आकडा झटकन पडतो. मग हाडांतलं रक्तात उतरतं आणि तो परत चढतो. काम चालू असताना हे औषध घेणं धोक्याचं, कारण रिपोर्ट चांगला दिसतो आणि माणूस भट्टीवरच राहतो. ४८ ला मोठी लक्षणं नसतील तर पहिला उपाय शिशापासून दूर करणं हाच. वांत्या, झटके, बरळणं किंवा मनगट उचलता न येणं, यातलं काही दिसलं तर मात्र थेट रुग्णालयात. पोटदुखी आहे, म्हणून डॉक्टरला आठवडाभरात दाखवाच. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि रक्तदाब पाहून घ्या.

दोन आठवड्यांनी त्याच लॅबमधून पुन्हा तपासा आणि मग दर महिन्याला. तो तंबाखू मळतो का? कपडे घरी आणतो का? घरात लहान मूल आहे का?

रेणुका_वाडा
तंबाखू मळतो, कामावरही. कपडे वहिनी धुते. मुलगी अडीच वर्षांची आहे. तो घरी आला की आधी तिला उचलतो. तिचा काय संबंध?

कारखाना_वैद्य
तळहातावर तंबाखू मळून ओठात धरणं म्हणजे धूळ थेट पोटात घालणं. मास्क कितीही चांगला असला तरी तो मार्ग उघडाच राहतो. तीच धूळ कपड्यांवरून आणि केसांवरून घरात येते. मुलांच्या पोटातून शिसं मोठ्यांपेक्षा बरंच जास्त शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटना ५ पासूनच शिसं कुठून येतं ते शोधायला सांगते. मुलीचं रक्त या आठवड्यात शिरेतून तपासा. वहिनी गरोदर असतील तर त्यांचंही. आजपासून त्याने कारखान्यातच अंघोळ करून, कपडे आणि बूट तिथेच ठेवून यावं.

नाना_भट्टी
अंघोळीची सोय ठेकेदाराच्या माणसांना देत नाहीत हो. आमच्याकडे कायम कामगारांनाच होती. हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

रेणुका_वाडा
वहिनीला पाचवा महिना आहे. उद्या दोघींना घेऊन जाते. ठेकेदाराला फोन केला होता, तो म्हणतो भट्टीवर नसेल यायचं तर घरी बस. लेखी मागितलं तर काढून टाकेल का?

कारखाना_वैद्य
वहिनीच्या डॉक्टरांना रिपोर्ट आणि नवऱ्याचं काम दोन्ही सांगा. गरोदरपणात आईच्या हाडांतलं शिसं रक्तात येतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. कपडे आजपासून तिने धुवायचे नाहीत.

शिसे-विषबाधा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या रोगयादीत पहिलीच होती, त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे. तपासणारा डॉक्टर ती सरकारच्या मुख्य निरीक्षकांना कळवायला बांधील आहे, तेव्हा तसं स्पष्ट सांगून मागा. ईएसआयचा नंबर आहे का बघा, असेल तर तिथली नोंद उपयोगी पडेल. ठेकेदार काय करेल, याची हमी मी देऊ शकत नाही.

नाना_भट्टी
ताई, ठेकेदाराकडे एकटं जाऊ नका. भावाबरोबर भट्टीवर जे आहेत त्यांचेही आकडे विचारा. चार जणांचे कागद एकत्र असले तर बोलणं वेगळं होतं.

रेणुका_वाडा
ते तर कोणाला आकडे सांगतच नाहीत. नुसतं 'ठीक आहे' म्हणतात. विचारते त्याला.