‘चाँदरात’ला ‘आदली रात्र’ म्हणता येईल का?

प्रश्नकर्ती : लखनौमधील एका शिंप्यावरची उर्दू कथा मी मराठीत आणते आहे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘चाँदरात को ले जाइएगा’ असे सांगतो, आणि मी तेथे ‘ईदच्या आदल्या रात्री न्या’ असे लिहिले. पुढे एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी गल्लीत ‘चाँद हो गया’ अशी हाक उठते व त्याची कात्री कापडातच थांबते. माझ्या भाषांतरात मात्र ती का थांबली, हे कळत नाही.

पहिला प्रतिसाद : ‘चांदणी रात्र’ लिहावे. चंद्रप्रकाशात शिवत बसलेला शिंपी फार सुंदर दिसेल.

दुसरा प्रतिसाद : त्या रात्री चांदणे नसते; कोर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात मावळते. अडचण निराळी आहे. महिना २९ दिवसांचा की ३० दिवसांचा, हे एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसते की नाही यावर ठरते. शिंप्याने मनात तीस धरले असणार, म्हणजे काजे-बटणे आज रात्री आणि तुरपाई उद्या दिवसभरात. कोर दिसताच तो ‘उद्या’ नाहीसा झाला. गिऱ्हाइके आताच दारात येणार आणि सकाळी नमाज. ढग असते तर तीस पूर्ण झाले असते, आणि मग दुसऱ्या संध्याकाळी आकाशाकडे पाहण्याचीही गरज नव्हती. ‘आदली रात्र’ हे शब्द तारीख ठरलेली असल्यासारखे वाटतात, आणि त्याच्या वायद्यात नेमकी तीच ठरलेली नाही.

तिसरा प्रतिसाद : ही तर आपली बीजेची कोर. पंचांगात ‘चंद्रदर्शन’ छापलेले असते. तोच शब्द घ्यावा.

दुसरा प्रतिसाद : कोर तशीच, हे खरे, पण पंचांगातले चंद्रदर्शन वर्षभर आधी छापून येते, येथे मात्र कोणीतरी ती प्रत्यक्ष पाहावी लागते. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, म्हणून चाँदरात ही रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याचीच पहिली रात्र, ‘आदली’ नव्हेच.

चौथा प्रतिसाद : आमच्या मिरजेच्या घरी मराठी बोलतानाही ‘चाँदरात’च म्हणतात. आमचा शिंपी पंधराव्या रोजानंतर कापडच घेत नसे. तरी एका वर्षी माझ्या कुर्त्याला एकच बाही होती, दुसरी त्याने नमाजाआधी टाचून दिली.

प्रश्नकर्ती : मग ‘चाँद दिसला की त्या रात्री न्या’ असे केले तर?

दुसरा प्रतिसाद : अर्थ नेमका येतो, पण वायदा आधीच कच्चा वाटू लागतो, आणि शिंपी तर पक्के बोलल्याचा आव आणतो आहे. मी ‘चाँदरातीला न्या’ ठेवीन आणि एकोणतीस-तिसाचा घोळ आधीच्या एखाद्या संवादात आणीन.

प्रश्नकर्ती : ‘चाँदरातीला’ ठेवते. ‘हो गया’ मात्र अडले आहे. ‘दिसला’ म्हटले की कोणा एकाने पाहिले एवढेच उरते, आणि त्या हाकेत तर महिनाच संपतो.