शब्दचर्चा: कास्त्रातो आणि ‘ट्राउझर रोल’ला मराठीत काय म्हणावं?

मृण्मयी: ग्लूकच्या ‘ऑर्फेओ एद एउरिदीचे’ या ऑपेराची ओळख मराठीत लिहिते आहे. १७६२ साली व्हिएन्नात ऑर्फेओ गायला तो ग्वादाञ्ञी, म्हणजे कास्त्रातो: आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच वृषणं निकामी केलेला गायक. आज बऱ्याचदा ती भूमिका बाई करते, त्याला ट्राउझर रोल म्हणतात. दोन्हींना शब्द सुचवा. ‘हिजडा’, ‘षंढ’ मला नको आहेत. एक शिवीसारखा वापरला जातो आणि दोन्हींत आवाजाचा पत्ताच नाही.

नाट्यवेडा: सोपं आहे. बालगंधर्व म्हणजे आपले कास्त्रातोच. पुरुष असून बाईसारखं गाणं. ‘स्त्रीपार्टी’ म्हणा.

सुरेल: नाही हो. बालगंधर्वांचा गळा कुणी बदलला नव्हता. पुरुषाच्या स्वाभाविक आवाजात ते नायिका उभी करत. कास्त्रातोचं उलट आहे. रोममध्ये बायकांना रंगमंचावर बंदी होती, तिथे ते बायकांची कामं करत हे खरं, पण त्यांचं मुख्य काम नायकाचं होतं. हँडेलच्या ऑपेरातला ज्यूलियस सीझर १७२४ साली लंडनमध्ये सेनेसीनो हा कास्त्रातो गायला. रोमचा सेनापती, आणि आवाज बाईच्या पट्टीतला! त्या श्रोत्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती. वीराचा आवाज जाडच हवा, ही अपेक्षा नंतरची.

माळरान: आमच्याकडे बैलाला ‘खच्ची’ म्हणतात. वडील खोंड वेळेत बडवून घ्यायचे. उशीर झाला तर मान आणि वशिंड वळूसारखंच राहतं, नंतर कितीही बडवा. माणसातही तसंच का?

सुरेल: अगदी तसंच. आवाज फुटायच्या आधी केलं तरच उपयोग. स्वरयंत्र वाढत नाही, पडदे पोराचेच आखूड राहतात. छाती मात्र मोठ्या माणसाची होते, हाडं उशिरापर्यंत वाढल्याने हातपायही लांब. पोराच्या स्वरात मोठ्या माणसाचा दमसास, म्हणून तो आवाज बाईचाही नाही आणि पोराचाही नाही. आवाज एकदा फुटल्यावर शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. आणि इतकं करून मुलगा चांगला गाईलच याची खात्री नव्हतीच. बहुतेकांचं नाव कुणालाच माहीत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

नाट्यवेडा: मान्य. मग पुढे कास्त्रातो संपले, म्हणून नाइलाजाने बायका आल्या. बरोबर ना?

सुरेल: अर्धंच बरोबर. हँडेलच्या त्याच सीझरच्या ऑपेरात, ‘ज्यूलियो चेझारे’त, सेस्तो हा तरुण मुलगा दुरास्तांती ही गायिका गायली. कास्त्रातो आणि पुरुषवेषातली बाई एकाच रंगमंचावर. रोस्सीनीने तर १८१३ या एकाच वर्षी ‘तांक्रेदी’चा नायक मालानोत्ते या बाईसाठी लिहिला आणि ‘आउरेलियानो इन पाल्मीरा’तला आर्साचे वेल्लूती या कास्त्रातोसाठी.

मृण्मयी, तुमच्या कामाचा शब्द इथेच आहे: ‘मूजिको’. ‘कास्त्रातो’ कानाला टोचायचा, म्हणून सभ्यपणे मूजिको म्हणत. मूळ अर्थ नुसता संगीतकार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच शब्द नायकाची भूमिका गाणाऱ्या बाईला लागला. शरीर बदललं तरी शब्द आवाजाला चिकटून राहिला.

शर्वरी: माझा आवाज खर्जातला आहे. शाळेत ‘मर्दानी’ म्हणून मला गाण्याच्या चमूतून काढलं होतं. अशा आवाजासाठी कुणी नायक लिहिले हे मला आज कळतंय. पण ट्राउझर रोल म्हणजे पँट घातलेल्या कुठल्याही बाईची भूमिका ना?

मृण्मयी: नाही, शर्वरीताई. नाटकातलं पात्रच पुरुष असतं. जर्मनमध्येही ‘होझनरोल’ म्हणजे विजारीची भूमिका. मला ‘पुरुषपार्टी’ आवडतोय, स्त्रीपार्टीच्या जोडीचा.

ऑर्फेओची अडचण मात्र वेगळी आहे. पॅरिसला कास्त्रातो रुचत नसत, म्हणून १७७४ साली ग्लूकने भूमिका उंच पुरुषी आवाजाच्या, म्हणजे टेनर, लग्रोसाठी फिरवली. पत्नी एउरिदीचे हिला गमावल्यावरचं ते प्रसिद्ध गाणं सी मेजरमधून एफ मेजरमध्ये नेलं. १८५९ साली बेर्लिओझने पोलीन व्हियार्दो या गायिकेसाठी भूमिका पुन्हा आल्टोच्या, म्हणजे बाईच्या खालच्या पट्टीत आणली. पत्नीसाठी रडणारा नवरा तोच, गळे तीन. मग व्हियार्दोचा ऑर्फेओ पुरुषपार्टी, आणि ग्वादाञ्ञीचा?

सुरेल: ग्वादाञ्ञीसाठी ‘कास्त्रातो’च ठेवा. ‘खच्ची’ने जनावर डोळ्यांसमोर येतं.

माळरान: मला ‘खच्ची’च खरा वाटतो. पोरावर जे केलं ते शब्दात दिसायला हवं. कास्त्रातो म्हटलं की छान इटालियन वाटतं आणि सुरी झाकली जाते.

मृण्मयी: याचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्यांदा शब्द येईल तिथे शस्त्रक्रियेचं स्पष्ट लिहीन, पुढे कास्त्रातो.

आता क्रियापदाचं सांगा. ‘ऑर्फेओ गातो’ की ‘गाते’? पुढे ‘रोझेनकावालिएर’ या ऑपेरावर लिहायचंय. तो जानेवारी १९११ चा, आपल्या ‘मानापमान’च्या दीड महिना आधीचा. त्यात ऑक्टाव्हियन हा तरुण बाई गाते, आणि तोच मध्येच मोलकरणीचा वेष घेतो. त्या प्रवेशात ऑक्टाव्हियन आला की आली?

नाट्यवेडा: जुने लोक ‘बालगंधर्व भामिनी झाले’ म्हणत. नट पुल्लिंगी. पण भामिनी बोलायला लागली की ‘भामिनी म्हणते’. त्या हिशोबाने वेष घेतला तरी ऑक्टाव्हियन आला.

शर्वरी: आणि गाणं संपल्यावर टाळ्या घ्यायला?

नाट्यवेडा: तेव्हा आली.