खिडकीतून येणारे पावसाचे पाणी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सदनिका ५०३ : सर्वांना नमस्कार. आमच्या हॉलच्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीखाली वाऱ्यासह पाऊस आला की पाणी साचते आणि डाव्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले आहेत. गेल्या वर्षी कारागिराने चौकटीभोवती सिलिकॉन भरून दिले होते, तरीही त्रास वाढलाच आहे. या वेळी कोणते सीलंट आणावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सदनिका २०१ : सीलंट आणण्याआधी पाणी कुठून येते ते पाहू या. खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर जाते का ते पाहा. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला लहान खाचा असतात, त्यांतून ते लगेच निघून जायला हवे.

सदनिका ५०३ : काका, आत्ताच पाहिले. पाणी तसेच साचून राहिले आणि थोडे आणखी ओतल्यावर ते आतल्या कडेवरून घरात उतरले. बाहेर हात घालून चाचपले, तर दोन्ही खाचांवर सिलिकॉन लागते आहे.

सदनिका २०१ : मग खिडकीखालच्या पाण्याचे कारण आणखी शोधायची गरजच नाही. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये पावसाचे थोडे पाणी येणारच, हे गृहीत धरूनच त्या खाचा ठेवलेल्या असतात. त्या बुजवल्या की पाण्याला घराखेरीज दुसरी वाट उरत नाही. दुर्दैवाने 'फट दिसली की भर' अशा घाईने काम करणारे पुष्कळ जण त्या बुजवून जातात. टोकदार सळीने त्या मोकळ्या करा आणि ट्रॅकमधली मातीही काढून टाका.

सदनिका ५०३ : खाचा मोकळ्या केल्यावर खिडकीखालचे पाणी पूर्ण थांबले, आपले आभार. मात्र कालच्या पावसात डाव्या कोपऱ्यातली भिंत पुन्हा ओली झाली.

सदनिका २०१ : म्हणजे दुसरी वाट वेगळी आहे. पाऊस थांबला असताना आणि भिंत कोरडी झाल्यावर बाहेरून नळीने पाणी मारावे, पण सुरुवात नेहमी खालून करावी. आधी खालचा सांधा, मग डावी बाजू, शेवटी वरची बाजू, आणि प्रत्येक ठिकाणी सुमारे दहा मिनिटे थांबून आतून कोणीतरी पाहत राहावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि दोष कोणत्या सांध्याचा, ते कळत नाही. नळी मारताना खिडकीबाहेर वाकू नये, हे सांगायला नकोच.

सदनिका ५०३ : डाव्या उभ्या सांध्यावर पाणी मारताच आत ओल उतरली. चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये साधारण १२ मिलिमीटरची फट आहे आणि जुने सिलिकॉन गिलाव्यापासून पट्टीसारखे सुटून आले आहे.

सदनिका २०१ : व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरले गेले असावे. त्यातून सुकताना आम्ल बाहेर पडते. ते काचेवर चांगले बसते, पण सिमेंटवर त्याची पकड टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि गिलाव्यासाठी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्यावे. जुने सिलिकॉन पातीने पूर्ण खरवडून काढा, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही, आणि धूळ ब्रशने झाडून सांधा कोरडा होऊ द्या. त्यानंतर फटीपेक्षा किंचित जाड, म्हणजे १५ मिलिमीटरचा, फोमचा बॅकर रॉड आत दाबून बसवा आणि त्यावर सुमारे ६ मिलिमीटर खोलीचे सीलंट भरा. रॉडमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटते, म्हणून ऊन-पावसात चौकट थोडी हलली तरी ते ताणले जाते, फाटत नाही. पूर्ण सुकायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा सलग उघडीप मिळेल असाच काळ निवडा.

सदनिका ४०४ : हेच काम घरातून केले तर चालणार नाही का? बाहेर माणूस उतरवणे फार अवघड आहे.

सदनिका २०१ : नाही, ताई. आतून बंद केल्यास पाणी भिंतीत येतच राहील आणि आणखी कुठेतरी फुटेल.

सचिव : माझ्या बेडरूममध्ये बीम आणि वीटकाम यांच्या जोडावर बाहेरून सरळ आडवी भेग दिसते. तिथेही हेच सिलिकॉन भरायचे का?

सदनिका २०१ : तिथे पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे, कारण त्यावर रंग बसतो आणि सिलिकॉनवर बसत नाही. भेग थोडी रुंद कापून मगच भरावी. वरवर पुट्टी लावल्यास बीम आणि विटा वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावल्यामुळे ती पुन्हा त्याच रेषेत फुटते.

सचिव : ठीक आहे. दोरीवर उतरणारे प्रशिक्षित कामगार सुरक्षा साधनांसह बोलावून दोन्ही कामे एकत्र करून घेऊ. ज्यांच्या खिडक्यांचे काम असेल त्यांनी त्या वेळी घरी थांबावे आणि काम संपताच ट्रॅकमध्ये पाणी ओतून खाचा मोकळ्या आहेत ना, हे कामगार खाली उतरण्यापूर्वीच तपासून घ्यावे.